तिन्ही लक्षणं जमेपर्यंत थांबायचं?

पाठदुखीबद्दल एक फॉरवर्ड फिरतो आहे: «कंबर दुखली की लोक लगेच एमआरआय करायला धावतात. मणक्यात पू झाला असेल तर पाठदुखी, ताप आणि पायांतली ताकद जाणं ही तीन लक्षणं एकत्र दिसतातच. तिन्ही नसतील तर घाबरू नका. एक्स-रे आणि पांढऱ्या पेशी नॉर्मल असल्या की इन्फेक्शन नाही हे नक्की. आठवडाभर गोळ्या आणि शेक घ्या, फरक पडला नाही तर कमरेचा एमआरआय बघू.»

पहिलं वाक्य मला मान्य आहे. बहुतेक पाठदुख्या काही आठवड्यांत आपोआप ओसरतात आणि त्यांना एमआरआय लागत नाही. माझा आक्षेप पुढच्या वाक्यांना आहे.

ही तीन लक्षणं आम्हीही परीक्षेसाठी पाठ केली होती. ती खोटी नाहीत, फक्त उशिरा जमतात. मज्जारज्जूभोवती एक चिवट आवरण असतं. ते आवरण आणि मणक्याचं हाड यांच्यामध्ये चरबी आणि शिरांनी भरलेली अरुंद जागा असते, तिला एपिड्युरल जागा म्हणतात. त्वचेवरचं गळू, पायाची जखम किंवा शिरेत लावलेली नळी यांतून जंतू रक्तात शिरतात आणि कधीकधी इथे येऊन थांबतात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे गळू करणारा नेहमीचाच जंतू असतो. आधी एका जागी पाठ दुखते. मग जवळची नस चेपली की कळ बरगडीत किंवा पायात उतरते. त्यानंतर पाय अशक्त होतात, लघवी अडते, आणि शेवटी लकवा येतो. हे चार टप्पे ह्यूस्नर नावाच्या डॉक्टरांनी १९४८ सालीच मांडले होते. म्हणजे तिसरं लक्षण येईपर्यंत थांबणारा माणूस तिसऱ्या टप्प्यापर्यंत थांबतो.

अमेरिकेत एका आपत्कालीन विभागातल्या अशा ६३ रुग्णांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तिन्ही लक्षणं एकत्र दिसली ती फक्त १३ टक्के रुग्णांत. मात्र ९८ टक्के रुग्णांकडे धोका वाढवणारं किमान एक कारण होतं. त्यामुळे मी कमरेकडे पाहण्याआधी माणसाकडे पाहतो. मधुमेह आहे का? डायलिसिस चालू आहे का? दारू जास्त आहे का? स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं? गेल्या काही आठवड्यांत गळू, जखम, दुसरा एखादा जंतुसंसर्ग, मणक्याचं ऑपरेशन किंवा मणक्यात सुई? शिरेतून नशा करणाऱ्यांचाही यात समावेश होतो, पण तो प्रश्न आपल्याकडे विचारायलाच लोक लाजतात.

निदान कसं लांबतं हे दाखवायला एक उदाहरण घेतो. ते कुणा एकाचं नाही, अनेकांच्या कहाण्या जोडून बनवलं आहे. ५८ वर्षांचे गृहस्थ, दहा वर्षांचा मधुमेह. तीन आठवड्यांपूर्वी मानेवर केसतूड झालं होतं, ते फुटून सुकलं. एका सकाळी सिलिंडर सरकवला आणि दोन खांद्यांच्या मधोमध दुखू लागलं. घरच्यांनी म्हटलं, उसण भरली. डॉक्टरांनाही ते पटलं, कारण सिलिंडरची गोष्ट ऐकायला चोख होती. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि पॅरासिटामॉल मिळालं. या दोन्हींनी दुखणं थोडं कमी झालं आणि ताप असलाच तर तोही झाकला गेला. केसतुडाचं कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, कारण मानेवरच्या फोडाचा पाठीशी काय संबंध?

चौथ्या दिवशी कळ बरगडीभोवती पट्ट्यासारखी फिरली. ईसीजी निघाला, तो ठीक होता. मग गॅसची गोळी. सहाव्या दिवशी एक्स-रे: मणक्याची वयानुसार झीज. पांढऱ्या पेशी ९,८००, म्हणजे नॉर्मल.

या दोन कागदांवर विसंबणं ही त्या फॉरवर्डमधली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एक्स-रेत हाड दिसतं, हाडामागचा पू दिसत नाही. पांढऱ्या पेशी या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत नॉर्मल असतात. त्यापेक्षा कामाची तपासणी म्हणजे शरीरात कुठेतरी दाह आहे हे सांगणारी रक्ताची जुनी, स्वस्त ईएसआर, आणि जोडीला तशीच सीआरपी. ईएसआर अनेक कारणांनी वाढतो, म्हणून वाढला की पू आहेच असं नाही. पण धोक्याचं कारण असलेल्या माणसाची पाठ दुखते आहे आणि ईएसआर वाढला आहे, तर एमआरआय त्याच दिवशी व्हायला हवा. आणि पाय लटपटू लागले असतील किंवा लघवी अडली असेल, तर ईएसआरच्या रिपोर्टसाठीही थांबायचं नाही.

आठव्या रात्री आमच्या गृहस्थांचे पाय जिन्यावर थरथरले. पहाटे पोट फुगलं आणि लघवी होईना. पाय गेले म्हणजे कंबर, या हिशेबाने एमआरआय फक्त कमरेचा झाला आणि साफ आला! पू होता छातीच्या मणक्यांमागे. पाय लुळे पडायला दाब कमरेतच असावा लागत नाही, मज्जारज्जूवर वर कुठेही चालतो. शिवाय पू एकाच वेळी दोन वेगळ्या जागी असू शकतो. म्हणून संशय असेल तर मानेपासून खालपर्यंत पूर्ण मणक्याचा एमआरआय मागावा, शक्य असेल तर कॉन्ट्रास्ट देऊन. सीटी स्कॅनमध्ये हा पू सहज निसटतो.

आठवडाभराच्या शेकाबद्दल इतकंच, की पू नुसता दाबत नाही. आजूबाजूच्या शिरांमध्ये गुठळ्या होऊन मज्जारज्जूचा रक्तपुरवठाही तुटू शकतो. त्यामुळे आज चालत आलेला रुग्ण उद्या पलंगावरून उठू शकेल याची खात्री देता येत नाही. पूर्ण लकवा येऊन साधारण २४ ते ३६ तास उलटले की ऑपरेशननंतरही ताकद परतण्याची आशा फार कमी उरते. वर सांगितलेल्या अभ्यासात निदान लांबलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत अशक्तपणा राहून गेला, वेळेत निदान झालेल्यांत १३ टक्के.

आपल्याकडे आणखी एक फसगत होते. मणक्याचा क्षय इथे भरपूर, त्यामुळे ईएसआर वाढलेला दिसला की क्षयाची औषधं सुरू करण्याचा मोह होतो. क्षय सहसा आठवडे-महिने घेतो, हा पू दिवसांत पुढे सरकतो. पण घड्याळावरून जंतू ओळखता येत नाही. आधी रक्ताचं कल्चर, जमल्यास पुवाचंही, मग अँटिबायोटिक. पाय कमजोर होत असतील तर मात्र औषध आणि ऑपरेशनची तयारी लगेच.

त्या गृहस्थांचा पूर्ण मणक्याचा एमआरआय नवव्या दिवशी दुपारी झाला आणि संध्याकाळी ऑपरेशन. पू आणि रक्त, दोन्हींच्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढला. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक चाललं. आता ते वॉकर धरून घरात फिरतात, लघवीसाठी दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालतात.