डेटलाइन हे विधान आहे, सजावट नव्हे

बातमीच्या सुरुवातीला गावाचे नाव, म्हणजेच डेटलाइन, छापली की वाचक असे समजतो की बातमीदार त्या गावात होता आणि माहिती त्याने तिथेच मिळवली. असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेचा नियमही हाच आहे: बातमीदार प्रत्यक्ष त्या गावी असेल, तरच त्याच्या नावासोबत त्या गावाची डेटलाइन लावायची.

पण नुसते जाऊन येणेही पुरेसे नसते. २००२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने फ्लोरिडातल्या अपालाचिकोला या गावातील कालवे गोळा करणाऱ्यांवर रिक ब्रॅग यांच्या नावाने वृत्तांत छापला. ब्रॅग गावी थोडा वेळ गेले होते, त्यामुळे डेटलाइन तांत्रिकदृष्ट्या खोटी नव्हती. मात्र तिथल्या मुलाखती आणि निरीक्षणे प्रामुख्याने एका स्वतंत्र तरुण पत्रकाराची होती. मे २००३ मध्ये वृत्तपत्राने संपादकीय टीप छापून बातमीवर त्याचेही नाव हवे होते असे मान्य केले, ब्रॅग यांना निलंबित केले आणि लगोलग त्यांनी राजीनामा दिला. लेखणी ब्रॅग यांची होती हे कोणी नाकारले नाही, पण जागेवरचे डोळे दुसऱ्याचे होते. माझ्या मते अशा वेळी दोन्ही नावे वरच यायला हवीत. शेवटच्या ओळीतले ‘सहकार्य’ ज्याने दोन-तीन फोन केले त्याच्यासाठी ठीक आहे.

वृत्तसंस्थेच्या मजकुराबाबत घोळ अधिक होतो, कारण तो रोज आणि घाईत होतो. समजा, पूरग्रस्त गावातून वृत्तसंस्थेचा सात परिच्छेदांचा मजकूर आला, डेस्कवरच्या उपसंपादकाने इंट्रो बदलला, एका अधिकाऱ्याला फोन करून दोन परिच्छेद जोडले आणि वर ‘प्रतिनिधी’ असे लिहून त्याच गावाची डेटलाइन ठेवली. आपला प्रतिनिधी तिथे नव्हताच. मी अशा वेळी आपली वाक्ये खोडून पाहतो: उरलेली बातमी स्वतःच्या पायावर उभी राहत असेल, तर वर वृत्तसंस्थेचेच नाव आणि तिचीच डेटलाइन राहते, आपल्या भराची नोंद शेवटी येते. उलट, मूळ बातमी आपली असून मृतांचा आकडा तेवढा वृत्तसंस्थेचा असेल, तर तो त्या वाक्यातच तिच्या नावाने द्यावा. ‘आमच्याशी बोलताना’ हे शब्द तर, समोरचा माणूस खरोखर आपल्याशी बोलला असेल तरच. (इंट्रो बदलणे म्हणजे बातमी मिळवणे नव्हे, हे डेस्कवर दरवेळी नव्याने सांगावे लागते.)

वृत्तसंस्थेच्या नावाची श्रेयओळ खोडण्याचा फटका पुढे बसतो. वृत्तसंस्था चुकीचा आकडा दुरुस्त करते किंवा बातमीच मागे घेते, तेव्हा तशी सूचना ग्राहक वृत्तपत्रांना जाते. पण संकेतस्थळावर ती बातमी ‘प्रतिनिधी’ म्हणून पडलेली असल्याने डेस्कला ती आपल्याकडे आहे हेच कळत नाही, आणि जुना आकडा तसाच राहतो.