शिळ्या विनोदाला ताजी फोडणी

मागे मी एक पोस्ट लिहिली होती. न वाचलेली पुस्तके घरात असताना नवी विकत घेण्याच्या खोडीवर ती होती आणि तिचा सगळा डोलारा प्रेयसीचा हात धरून दुसरीकडे मान वळवून पाहणाऱ्या त्या प्रसिद्ध तरुणाच्या छायाचित्रावर उभा होता. ते छायाचित्र जगभर गाजले 2017 साली. परवा ती पोस्ट पुन्हा टाकण्याआधी पुतणीला दाखवली, तेव्हा तिने आजोबांचा लग्नाचा अल्बम पाहावा तशा आदराने ती पाहिली. हसली मात्र नाही.

पहिला मोह अर्थातच जुने चित्र काढून आजचे चिकटवण्याचा आणि ‘आयुष्य एकदाच मिळते’ अशा अर्थाच्या ‘योलो’च्या जागी भुरळ घालण्याच्या कसबाला तरुण म्हणतात तो ‘रिझ’ बसवण्याचा होता. परंतु ‘रिझ’ हा ऑक्सफर्डने 2023 सालचा शब्द म्हणून गौरवलेला आहे आणि शब्दकोशाने सत्कार केला की तरुणांच्या लेखी त्या शब्दाचे तेरावे उरकलेले असते. शिवाय असा उसना शब्द वाक्यात कसा ओळखू येतो, तर त्याच्या आगेमागे लेखक हळूच वाचकाच्या तोंडाकडे पाहत असतो.

म्हणून मी चित्र झाकले आणि तोच विनोद पुतणीला साध्या वाक्यात सांगून पाहिला. चित्राशिवाय काहीच उरले नसते, तर पोस्ट जुन्या तारखेसह तशीच राहू देणे किंवा निमूटपणे पुसणे एवढेच हाती होते. पण खोडी उरली. तिलाही ती आहे. मग ‘योलो म्हणत मी आणखी तीन पुस्तके मागवली’ हे वाक्य गेले आणि त्या जागी असे आले: ‘उशाजवळच्या पुस्तकातली खूण अजून सतराव्या पानावर आहे आणि मी नव्या पुस्तकाच्या खोक्यावरची चिकटपट्टी नखाने सोलतो आहे.’ चित्रातल्या तरुणाची वळलेली मान या नखात आपोआप आली, त्यामुळे ते चित्र माहीत असण्याची अट राहिली नाही. मध्येच ‘हल्लीच्या मुलांच्या भाषेत सांगायचे तर’ असेही लिहून झाले होते. ते खोडले, कारण हल्लीची मुले असे कधीच म्हणत नाहीत.

नवा मजकूर वाचताना पुतणी सतराव्या पानापाशी फिसकन हसली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “काका, हा डोळ्यांतून पाणी काढून हसणारा चेहरा मात्र काढा. असले चेहरे आता फक्त आईबाबा पाठवतात. आम्ही हसून मेलो की कवटी टाकतो.”

चेहरा मी तत्काळ काढला. कवटी मात्र टाकली नाही. माझ्या वयाच्या माणसाने कवटी पाठवली, तर नातेवाईक हसत नाहीत, फोन करतात.