आपल्यात हिशोब करत नाहीत म्हणे

"दादा, बाबांनी भाऊला २००४ मध्ये गॅरेज टाकायला चार लाख दिले होते. आता बाबा गेले, मृत्युपत्र नाही, घर विकून ६१ लाख येतायत. भाऊ म्हणतो तीन सारखे वाटे. ते चार लाख धरायचे की नाही? तुमच्याकडे जर्मनीत काय करतात?"

मावसबहिणीने हे आमच्या घरच्या ग्रुपवर विचारलं तेव्हा मी श्टुटगार्टात एस-बानमध्ये होतो. घरी पोचेपर्यंत तिच्या भावाचं उत्तर येऊन पडलं होतं. "हे तिकडचे विचार झाले. आपल्यात भावंडं असले हिशोब करत नाहीत." त्याखाली पाच-सहा जणांचे हात जोडलेले.

त्या एका वाक्याने मी अजून तापलेला आहे.

आधी तिचं उत्तर देतो. जर्मनीत ते पैसे धरतात. वडिलांनी मुलाला धंदा उभा करायला किंवा संसार मांडायला जे दिलं त्याला इथे 'आउसश्टाटुंग' म्हणतात. मृत्युपत्र नसेल आणि मुलंच वारस असतील, तर वाटणीच्या वेळी ते त्याच्या वाट्यात आपोआप मोजलं जातं. धरायचं नसेल तर वडिलांनी देतानाच तसं सांगायला हवं. मागून शेजारपाजाऱ्यांना बोलून ठेवलेलं चालत नाही. साध्या भेटीचं मात्र उलटं आहे. वाढदिवसाला गाडी घेऊन दिली, तर ती देतानाच 'वाट्यात धरेन' असं सांगितलं असेल तरच धरतात.

मोजतात ते देण्याच्या दिवशीच्या किमतीने, पण पैशाचं मोल उतरलं तेवढी वाढ करून. २००४ पासून आपल्याकडची महागाई अंदाजे साडेतीनपट धरू. म्हणजे चार लाखांचे चौदा. ते कागदावर घराच्या ६१ लाखांत मिळवायचे, की झाले ७५. तिघांचे पंचवीस-पंचवीस. भाऊचे चौदा आधीच पोचलेले, म्हणून त्याला रोख अकरा आणि दोघी बहिणींना पंचवीस-पंचवीस. कुणी कुणाला खिशातून काही द्यायचं नाही. चार लाखांऐवजी वडिलांनी त्याला इतकं दिलं असतं की त्याचा वाटा ओलांडला असता, तरी वरचं परत मागता येत नाही. तो फक्त वाटणीतून बाहेर होतो आणि राहिलेलं बाकीचे वाटून घेतात.

इथली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. बहिणीने विचारलं की 'तुला बाबांनी काय काय दिलं', तर भावाला सांगावं लागतं. कायद्याने. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी हे झालं तेव्हा तो आणि त्याचा सुतारकाम करणारा भाऊ एका शनिवारी स्वयंपाकघरात बसले, वडिलांच्या बँकेच्या फायली काढल्या, दोघांनी सही केली आणि मग जेवले. मी तिथे होतो. आवाज कुणाचाच चढला नाही.

ग्रुपवर मी हे लिहिलं. मग चर्चा आपल्या वळणाने गेली.

मिरजेचे काका दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झाले. त्यांनी शांतपणे लिहिलं, की घर बाबांच्या पगारातलं, स्वकष्टार्जित, तेव्हा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिघांचे सारखे तीन वाटे. हयातीत कुणाला काय दिलं हे तो कायदा विचारत नाही. ख्रिश्चनांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात तर कलम ४९ स्पष्टच सांगतं, की मुलाला हयातीत दिलेलं वाट्यात धरायचं नाही. 'उसने दिले होते' म्हणाल तर वसुलीची मुदत तीन वर्षं, ती केव्हाच संपली. वडिलांनी मृत्युपत्रात एक ओळ लिहिली असती, की थोरल्याला इतके दिले ते त्याच्या हिश्श्यात धरावे, तर प्रश्नच नव्हता. आता एकच वाट उरते. तिघांनी राजीखुशीने वाटणीपत्र करायचं, कमीजास्त हिस्से त्यात लिहायचे आणि ते नोंदवायचं.

चुलतभाऊ म्हणाला, "असं कसं? वाटणीत सगळं एकत्र आणून मगच वाटतात, हे मी कोर्टात पाहिलंय." तो अर्धा बरोबर आहे. त्याने पाहिलेली वाटणी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची होती. वडिलोपार्जित शेतीच्या उत्पन्नातून एकाच्या नावावर दुकान घेतलं असेल, तर ते दुकान ओढून आणता येतं. बापाच्या पगारातल्या पैशाला ते लागत नाही. पण त्याला ते पटलं नाही.

मग मामी आल्या. त्यांना वाटलं आपण लग्नखर्चाबद्दल बोलतोय. "माझ्या वडिलांनी मला वीस तोळे घातले, म्हणून भावांनी हक्कसोडपत्रावर सही घेतली. सोन्याचं तुम्ही काय करता तिकडे?"

मामींचा प्रश्न चुकला होता, पण मुद्द्यावर त्यांनीच बोट ठेवलं. कारण आपल्यात हिशोब करतातच. माझ्या आठवणीतल्या प्रत्येक घरात केलाय. "तिच्या लग्नाला केलं की एवढं", "तिला घालून-पाडून दिलं" हे बहिणीच्या वाट्यातून वजा करताना कुणाचेही हात जुळत नाहीत. तिथे तोळे आठवतात, जेवणावळीतल्या पंगती आठवतात. भावाचं गॅरेज, त्याची डोनेशनची सीट, त्याचं फ्लॅटचं डाउन पेमेंट, हे मात्र माया. हिशोब नकोच म्हणणारा माणूस मला समजतो. फक्त बहिणींचा ठेवणारा आणि त्याला संस्कृती म्हणणारा मला समजत नाही.

आणि 'तिकडचे विचार' म्हणायचं तर गोवा काय तिकडे आहे? मिरजेहून रात्री बसलं की सकाळी पणजीत. तिथे पोर्तुगीज काळापासून आलेल्या कायद्याने, हिंदू असो की ख्रिश्चन की मुसलमान, वारसांच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या मिळकतीच्या मोजणी-वाटणीत, आईवडिलांनी एका मुलाला दिलेलं धरतात. शिवाय मुलं असताना मिळकतीच्या अर्ध्याहून जास्त मृत्युपत्राने हवी तशी देताच येत नाही. शेजारच्या राज्यातली माणसं एवढ्याने एकमेकांची भावंडं राहिली नाहीत का?

काकांनी इथे मला अडवलं. इंग्लंडमध्येही असंच धरत असत, म्हणाले, पण १ जानेवारी १९९६ पासून मृत्युपत्र नसलेल्या वारसांना त्यांनी ते बंद करून टाकलं. "तुझ्या युरोपातही एकमत नाही." यावर मी त्या रात्री काही लिहिलं नाही. वीस-तीस वर्षांपूर्वीचं देणं कोणत्या हेतूने होतं, ते देणाऱ्याच्या मागे शोधायचं, हे किती अवघड आहे ते मलाही ठाऊक आहे.

ठाऊक आहे, कारण खरी गोष्ट मी ग्रुपवर लिहिलीच नाही.

२००२ मध्ये मी इथे शिकायला आलो. फी नव्हती, पण व्हिसासाठी वर्षभराचा खर्च खात्यात दाखवावा लागे. बाबा हायस्कुलात शिक्षक. त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढून ३ लाख २० हजार माझ्या नावावर केले. ताई तेव्हा बी. एड. करायचं म्हणत होती, ते राहिलं. पुढे आई चार वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं ताईने केलं, मग बाबांचंही. मी दर डिसेंबरात तीन आठवडे जात असे आणि चॉकलेटं नेत असे. २०१६ ला बाबा गेले. घराची किंमत २८ लाख आली. ताई स्वतःच म्हणाली, "तुझं इथं काहीतरी असू दे, नाहीतर तू यायचाच नाहीस." आणि हक्कसोडपत्रावर तिने सही केली. मी करू दिली.

शिक्षणाच्या खर्चाचा जर्मन नियम असा, की बापाच्या ऐपतीत असेल तर धरायचा नाही, ऐपतीच्या वर गेला असेल तर तेवढा धरायचा. शिक्षकाचा फंड रिकामा झाला, म्हणजे वरच गेला. सगळा धरला आणि महागाईचे पावणेतीनपट केले, तर ८ लाख ८० हजार होतात. घरात मिळवून दोन भाग केले की ताईचे १८ लाख ४० हजार, माझे ९ लाख ६० हजार. वर इथे बराच काळ आईवडिलांची शुश्रूषा करणाऱ्या मुलाला वाटणीत वाढीव मागता येतं. किती, ते काटेकोर मोजत नाहीत, न्यायाला धरून ठरवतात. ते ताईने मागितलं असतं तर माझे आणखी कमी झाले असते. आपल्या जुन्या विचाराने बघावं तर तोही कठोरच होता. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या लंडनच्या सर्वात वरच्या कोर्टाने, कुटुंबाच्या पैशावर इंग्लंडला शिकून आलेल्या आयसीएस अधिकाऱ्याची कमाई एकत्र कुटुंबाची ठरवली होती. ते बदलायला बॅ. मुकुंदराव जयकरांनी विधेयक आणलं आणि १९३० पासून शिकलेल्याची कमाई त्याची स्वतःची झाली. माझ्यासारख्यांना त्या कायद्याने मोकळं केलं. शिकवायला लागलेल्या पैशाचं काय, हे घरावर सोडलं.

म्हणजे मावसबहिणीच्या भावाला मी जे ऐकवलं, ते चौदा वर्षं मला लागू होतं, आणि वर मी अख्खं घरही घेतलं. त्या घराची किल्ली माझ्या इथल्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. वर्षातले एकोणपन्नास आठवडे ती काही उघडत नाही. पण ती नसेल तर मिरजेत मी पाहुणा, आणि इथे बावीस वर्षांनंतरही लोक विचारतात मूळचे कुठले. ताईला हे २०१६ मध्येच कळलं होतं.

गेल्या रविवारी तिला फोन केला. निम्मं घर तिच्या नावावर बक्षीसपत्राने करून देतो म्हणालो. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, बाबांची खर्चाची वही तिच्या कपाटात आहे, थांब. पानं उलटल्याचा आवाज ऐकू येत होता. तिने वाचून दाखवलं. "चि. यास जर्मनी, ३,२०,०००. परत घेणे नाही."

परत घेणे नाही, म्हणजे उसने नाहीत एवढंच? की वाट्यातही धरायचे नाहीत? इथल्या नोटारने पहिला अर्थ काढला असता, असं मला वाटतं. ताईने दुसरा काढला आहे. काकांना फोटो पाठवलाय, ते म्हणाले, खाली तारीख आणि सही आहे का बघ.