बाजीची गिरकी

आमचा बाजी म्हणजे लाइन फॉलोअर रोबो. पांढऱ्या फ्लेक्सवरच्या काळ्या पट्टीवरून धावायचं, एवढंच त्याचं जीवितकार्य. लॅबमध्ये तो इतका गुणी, की स्पर्धेत दुसरा कोण येणार यावरच आमची चर्चा चाले.

सकाळी सभागृहात ट्यूबलाइटच्या उजेडात सराव झाला. तोही झकास. दुपारी प्रमुख पाहुणे आले आणि लाइटवाल्या काकांनी त्यांच्या सन्मानार्थ स्टेजवरचे सगळे हॅलोजन एकदम पेटवले. बाजी वीतभर पुढे गेला, थबकला आणि जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला. मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या; त्यांना वाटलं, हा नृत्याचा विभाग.

प्रोग्रामर म्हणाला, मोटर बिघडली. मोटरवाला म्हणाला, कोड बिघडला. आमच्या टीममध्ये ही कामाची वाटणी पहिल्यापासून आहे. तेवढ्यात फोटोग्राफर वाकला, त्याची सावली बाजीवर पडली आणि पठ्ठ्या सुतासारखा सरळ धावला. सावली सरली, पुन्हा गिरकी.

तेव्हा कुठे लॅपटॉप जोडून सेन्सरचे आकडे पाहिले. आमच्या सर्किटमध्ये उजेड वाढला की आकडा उतरतो. लॅबमध्ये पांढऱ्यावर ८०, काळ्यावर ७०० यायचे. मधला ४०० हा उंबरठा. स्टेजवर पांढऱ्यावर ३० आणि काळ्यावर ६०! म्हणजे बाजीच्या लेखी पट्टी नाहीच, सगळं पांढरं. आणि पट्टी हरवली की गोल फिरून शोधायची, हे आम्हीच शिकवलेलं. बिचारा आज्ञाधारकच होता.

बाजीचे सेन्सर ९५० नॅनोमीटरच्या आसपासचं अवरक्त किरण बघतात. हॅलोजनची तापलेली तार नेमकं तिथेच सर्वांत जास्त ओकते. ट्यूबलाइटमध्ये ते नावापुरतंच. त्यात आमची पट्टी चकचकीत इन्सुलेशन टेपची, दिव्यांखाली आरशासारखी.

प्रोग्रामरला सुचलं, सेन्सरचा जमिनीवर उजेड टाकणारा एलईडी बंद ठेवून एकदा मोजू, लावून पुन्हा मोजू आणि वजाबाकी करू. युक्ती खरी, पण सेन्सर आधीच उजेडाने तुडुंब असेल तर एलईडीने भर पडणार कशात? वजाबाकी जवळजवळ शून्य. आधी सावली हवी. मग काळा चार्ट पेपर कापून बाजीला घागरा शिवला, जमिनीपासून दोनेक मिलीमीटर वर. पहिला घागरा लोळत होता, त्यात चाक अडकलं. दुसऱ्यात काळ्याचा आकडा ६५० वर गेला आणि बाजी धावला. तोवर अर्थात आमची फेरी संपली होती.

सामान आवरताना काका आले. "आधी सांगायचं ना पोरांनो, डिमरने कमी केले असते!"

प्रोग्रामर त्यांना समजावू लागला, की काका, डिमर उतरवला की तार लालसर होते, डोळ्याला अंधार वाटतो, पण अवरक्त त्या मानाने फारसं उतरत नाही.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घागऱ्याला झालर का नाही लावली?"