हक्काचे पैसे न मिळवण्याची रीत

कबूल केलेला रिफंड आला नाही, तर नम्रपणे ठाम राहावं की नोटिशीच्या भाषेत दम भरावा, असं लोक मला विचारतात. योग्य माणसाला विचारतात. वर्धा रोडवरच्या एका लॉनवाल्याकडे माझे पन्नास हजार दीड वर्षापासून अडकले आहेत आणि या काळात मी दोन्ही सूर लावून पाहिले आहेत.

प्रकरण साधं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलीच्या लग्नासाठी लॉन ठरवलं आणि ५०,००० आगाऊ दिले. जूनमध्ये लॉनवाल्यानेच बुकिंग रद्द केलं, कारण त्यांना तिथे बांधकाम काढायचं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मॅनेजरचा स्वच्छ मेसेज आला: ‘पूर्ण रक्कम ३० जूनपर्यंत परत करतो.’ आमच्या शेजारच्या वहिनींचंही बुकिंग तिथेच होतं, रक्कमही तेवढीच, आणि मेसेजही शब्दशः तोच. त्यांना पैसे मिळाले. म्हणून आपण आधी माझी पद्धत बघू.

सुरुवात नम्रतेने करा. ‘भाऊ, सवडीने बघाल का? घाई नाही.’ या वाक्याचं काम मोठं आहे. समोरच्याने स्वतःच ३० जून ही तारीख दिली होती, ती तुम्ही एका ‘सवडीने’त पुसून टाकता. मग तो नवी तारीख देतो आणि नागपुरात तारखांना तोटा नाही. पोळा होऊन जाऊ द्या. मारबत निघू द्या. दिवाळीचं पेमेंट अडकून राहिलं, ते मोकळं झालं की पहिले तुमचंच. डिसेंबर आला की अधिवेशन, सगळे हॉल त्यात गुंतलेले. मग लग्नसरा. मग ऊन, म्हणजे माणसाने कूलरसमोरून उठू नये असा काळ. प्रत्येक तारखेला ‘चालेल भाऊ’ आणि हात जोडल्याचं चित्र पाठवायचं. ‘ही मुदत मला मान्य नाही’ असं चुकूनही लिहायचं नाही. पुढे कुणी हे सगळं वाचलं तर मुदत तुम्हीच वाढवत गेलात असं दिसलं पाहिजे.

असे नऊ महिने गेले की एका रात्री साडेदहानंतर सूर बदला. दिवसा बदलू नका, दिवसा माणूस विचार करतो. मी लिहिलं होतं: ‘उद्या पोलिसात जातो, वकील लावतो, चॅनलवाले आणतो, तुम्हाला आत टाकल्याशिवाय राहत नाही.’ यात रक्कम लिहिली नव्हती. कोणत्या खात्यात, कधीपर्यंत, हेही नव्हतं. होती ती फक्त धमकी, आणि ती माझ्याच नावावर कायमची नोंदली गेली. सकाळी उत्तर आलं: ‘तुम्ही धमकी देऊन राहिले, आता आमचे वकील बोलतील.’ म्हणजे एका रात्रीत पैसे बुडालेला माणूस मी न राहता ते झाले. मी लगेच माफी मागितली. त्यानंतर ‘ही शेवटची संधी, ७ दिवस’ असं चारदा कळवलं. शेवटची संधी चारदा दिली की पाचव्यांदा समोरचा ती उघडूनही बघत नाही. ही बचत दोघांच्याही फायद्याची आहे.

आता वहिनींचं पत्र. वाचून तुमची निराशा होईल. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एवढंच लिहिलं:

‘आमचं बुकिंग आपण रद्द केलंत. ५०,००० रुपये ३० जूनपर्यंत परत करण्याचं आपण लेखी कळवलं होतं. रक्कम आलेली नाही. सोबत पावतीची प्रत आणि खात्याचा तपशील आहे. कृपया १५ जुलैपर्यंत जमा करावी.’

ना राग, ना गयावया. ‘कृपया’ आहे, पण ते तारखेला चिकटून बसलेलं. नम्र म्हणावं तर एक शब्द मऊ नाही, कडक म्हणावं तर एक शब्द टोचत नाही. मी त्यांना म्हणालोसुद्धा, ‘वहिनी, थोडा मसाला टाका.’ त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, सावजी नाही करून राहिली मी.’

१५ जुलै गेली. त्यांनी फोन केला नाही. दुसरं पत्र काढलं आणि त्यात पहिल्याचाच मजकूर ठेवून तीन गोष्टी वाढवल्या. एक, वर ‘नोटीस’ हा शब्द. दोन, या पत्राच्या तारखेपासून द.सा.द.शे. ९ टक्के व्याजाची मागणी. तीन, १५ दिवसांत रक्कम न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू. पोलीस नाहीत, चॅनल नाही, तुरुंगही नाही. पुढची एकच पायरी, आणि तीही खरोखर चढता येणारी. आयोग सिव्हिल लाइन्सला आहे. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

व्याजाचं कलम मला तेव्हा हावरटपणाचं वाटलं. पण वहिनींच्या भावाने सांगितलं, की व्याज आधी ठरलेलं नसेल तर १९७८ च्या व्याज अधिनियमाप्रमाणे ते साधारणपणे लेखी मागणीच्या तारखेपासून मोजलं जातं. ५०,००० वर ९ टक्के म्हणजे महिन्याला ३७५ रुपये. माझ्या एकाही मेसेजमध्ये ‘व्याज’ हा शब्द नाही. मी संबंध जपत होतो.

पत्र कुणाला पाठवलं, यातही त्यांचा कोरडेपणा दिसतो. पावतीवर फर्मचं नाव आणि पत्ता छापलेला होता. त्या पत्त्यावर त्यांनी पोहोचपावतीसह रजिस्टर पोस्ट केलं आणि प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. (१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. आता स्पीड पोस्टने पाठवून पोहोचल्याचा पुरावा जपावा लागतो. तुम्हाला अर्थातच तो नको आहे.) मी मात्र सगळं मॅनेजरच्या खाजगी नंबरवर लिहीत होतो. तो गेल्या उन्हाळ्यातच दुसऱ्या लॉनवर कामाला गेला.

वहिनींचे पैसे नोटिशीनंतर बाराव्या दिवशी आले. व्याज त्यांनी सोडून दिलं. दर वेळी पत्रावर भागेल असं नाही. काही जण उत्तरच देत नाहीत आणि मग तक्रार खरंच करावी लागते. वहिनींनी तिचा मसुदा तयार ठेवला होता.

मॅनेजर परवा धरमपेठेत भेटला. मी चहा पाजला, तोही माझ्याच खर्चाने. विचारलं, त्यांचे दिले, माझे काहून नाही? तो मोकळा माणूस आहे. म्हणाला, ‘काका, त्या ताई आयोगात गेल्याच असत्या. तुम्ही थोडी जाता.’

आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. उशिराचं सबळ कारण दाखवलं तरच त्यापुढे सवलत मिळू शकते. आठवण करून देणाऱ्या मेसेजांनी ती मुदत वाढत नाही. माझी ३० जून २०२६ च्या सुमारास संपते. आत्ता डिसेंबर चालू आहे, अधिवेशनाची गडबड आहे, लॉनवालेही कामात असतील. संक्रांत होऊ द्यावी म्हणतो. आज सकाळी त्यांना फक्त ‘शुभ प्रभात’ पाठवलं, गुलाबाच्या फुलासकट. दोन निळ्या खुणा आल्या आहेत.