दाराबाहेर बसून काय मागावं: त्या ऑपरेशनच्या फॉरवर्डला उत्तर

"आपलं माणूस ऑपरेशनला आत गेलं की बाहेरच्यांनी हे कराच. १) आत नेण्याआधी पेशंटच्या जिभेवर पंचामृत आणि अंगारा ठेवा. २) ऑपरेशन संपेपर्यंत पाण्याचा थेंब न घेता मोठ्याने अखंड जप करा, खंड पडला तर फळ नाही. ३) नवस बोला, नवस जेवढा मोठा तेवढी खात्री. ४) अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय की प्रार्थना केलेले हृदयाचे पेशंट लवकर बरे होतात. ११ ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला तो नेमका काकांच्या बायपासच्या आदल्या रात्री. पाठवणाऱ्याला काकांची काळजी होती, यात शंका नाही. पण मिरजेच्या त्या हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी जे झालं ते मी बघितलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण त्यानेच घात केला. काकूंना बरीच वर्षं शुगर आहे. सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि मेसेज वाचून निर्जळी धरली. त्यांची गोळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. पोटात काही गेलं नाही तरी तिचं काम चालूच राहतं आणि रक्तातली साखर खाली खाली जाते. बायपासला चार-पाच तास सहज लागतात. त्यातही आत नेल्यावर लगेच चिरा बसत नाही. सुया-नळ्या लावणं, भूल देणं यातच बराच वेळ जातो. बाहेरच्यांना वाटतं, इतका उशीर म्हणजे काहीतरी बिनसलंय. मग जप आणखी जोरात.

दुपार व्हायच्या आत काकूंच्या कपाळावर दरदरून घाम आला, हातातली माळ थरथरायला लागली आणि विचारलेल्याला भलतंच उत्तर यायला लागलं. शुगर असलेल्या माणसाची ही लक्षणं दिसली की 'टेन्शन आलंय' म्हणून पाठ थोपटत बसू नका. बाजूच्या वॉर्डातल्या सिस्टरनी बोटाला टोचून बघितलं तर साखर ५२. सत्तरच्या खाली गेली की कमी समजतात. सिस्टरनी पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पेला पुढे केला, तर काकू तोंड फिरवून म्हणाल्या, "ते आत असताना मी पाणी पिऊ? जप मोडंल माझा." शेवटी चुलतभावाने जवळजवळ बळजबरीनेच पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, साखर वर आली, काकू भानावर आल्या. आणि भानावर आल्या-आल्या रडत पहिलं वाक्य काय? "माझ्यामुळं त्यांना काय झालं तर?"

या मेसेजचं खरं विष हे आहे. आत सर्जन आहेत, भूलतज्ज्ञ आहेत, सगळी टीम आहे, आणि जबाबदारी येऊन पडली ती बाहेर बसलेल्या सदुसष्ट वर्षांच्या बाईच्या घोटभर पाण्यावर. काकांचं सगळं नीट झालं. पण समजा झालं नसतं, तर ती बाई जन्मभर तो पेला विसरली नसती.

मोठ्याने जप करण्याबद्दल आणखी एक. त्या बाकांवर आपण एकटे नसतो. शेजारी कर्नाटकातून आलेलं कुटुंब असतं, कोपऱ्यात कुणी दुवा मागत असतं. दार उघडून सिस्टर पेशंटचं नाव पुकारतात, रक्ताची पिशवी आणायला धाडतात, एखादी सही मागतात. ती हाक ऐकू यायला हवी आणि तिच्यासाठी उठताही यायला हवं. नामस्मरणाने श्वास संथ होतो, जीव थाऱ्यावर येतो, हे मी मान्य करतो. पण ते मनातल्या मनातही होतं, आणि मध्ये उठलं म्हणून वाया जात नाही.

आता पंचामृत. त्यात दूध, दही, तूप, मध, साखर. भुलेआधी साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दूध आणि खाणं निदान सहा तास बंद असतं. भुलेत माणसाला गिळण्या-खोकण्याचं भान राहत नाही. पोटातलं वर आलं तर ते आम्लासकट थेट फुप्फुसात उतरू शकतं, आणि ते जिवावर बेततं. तुमचं हॉस्पिटल जी वेळ सांगेल तीच पाळा. कुणी मायेपोटी काही भरवलंच असेल तर भूलतज्ज्ञांना लगेच सांगा. फार तर ऑपरेशन पुढे ढकलतील. लपवणं जास्त घातक आहे. अंगारा उशाशी ठेवायचा की कपाळाला लावायचा तेही सिस्टरना विचारूनच.

अमेरिकेचं म्हणाल तर अर्धसत्य आहे. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका अभ्यासात प्रार्थना केलेल्या हृदयरुग्णांची तब्येत काही बाबतींत बरी निघाली होती, हे खरं. पण त्याहून कितीतरी मोठा आणि काटेकोर अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, तोही नेमका बायपासच्या पेशंटवर. हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन त्याचे प्रमुख, सहा हॉस्पिटलं, १,८०२ पेशंट. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली पण ज्यांना ते नक्की माहीत नव्हतं, त्यांच्यात ५२ टक्क्यांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात ५१ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. आणि 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' असं ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्क्यांना. असं का, ते सिद्ध झालेलं नाही. एक अंदाज असा मांडला गेला की 'माझ्यासाठी प्रार्थना मागवावी लागली, इतका का मी सिरीयस?' या धास्तीने असेल. देव आहे की नाही याचा निकाल या अभ्यासाने लागत नाही, आणि घरच्यांच्या प्रार्थना काही कुणी थांबवल्या नव्हत्या. पण प्रार्थना घातली की ऑपरेशन यशस्वी, असा हिशेब मांडणाऱ्याने हा आकडा बघायलाच हवा.

नवसाचंही तेच. गणपतीला बोलायचा तर खुशाल बोला, तुमची श्रद्धा आहे. पण 'जेवढा मोठा तेवढी खात्री' म्हटलं की ज्याच्याकडे पैसा नाही त्याचं माणूस कमी वाचणार, असाच अर्थ होतो. कुठला देव असा भाव करतो?

मग बसल्या जागी मनात काय म्हणायचं, असं काकूंनी मला नंतर विचारलं. काकांच्या तोंडात अजून नळी होती, आयसीयूत एकेकालाच सोडत होते. नळी पाहून त्या हबकल्या होत्या. बायपासनंतर पेशंटला काही तास श्वासाच्या मशीनवर ठेवतात, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना कागदावर हे लिहून दिलं:

"देवा, ते आत आहेत आणि मी बाहेर आहे. ते बरे होऊन घरी यावेत, एवढीच मनापासून इच्छा आहे. बदल्यात द्यायला मी काही आणलेलं नाही. डॉक्टरांचे हात स्थिर राहोत, सिस्टरांची नजर जागी राहो. त्यांना दुखेल तेव्हा कुणी जवळ असो. शेजारच्या बाकावर जे बसलेत त्यांचं माणूसही सुखरूप बाहेर येवो. मला हाक आली तर उठण्याचं बळ दे. जे कळेल ते नीट ऐकण्याची शुद्ध दे. मी थकले, जेवले, डोळा लागला, तरी त्यांच्यावरची माझी माया तुला ठाऊक आहे."

हे म्हणायला मिनिटभरही लागत नाही. अर्ध्यात सोडून रक्तपेढीत जाता येतं, चहा घेऊन येता येतं, पुन्हा कुठूनही सुरू करता येतं. देवाचं नाव तुमचं जे असेल ते घाला. ११ ग्रुपवर काही पाठवायचंच असेल तर हे पाठवा, आणि शुगरची गोळी घेणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला वेळेवर जेवायला बसवा.