तांब्याचा तवा आठपट लवकर तापतो का?

“तांब्याची उष्णतावाहकता बिडाच्या आठपट आहे. त्यामुळे सारख्याच मापाचा तांब्याचा तवा बिडाच्या तव्यापेक्षा आठपट लवकर तापतो. थर्मल डिफ्युजिव्हिटी हे वाहकतेचंच दुसरं नाव आहे, आणि हवा तर वाहकच नाही, म्हणून तिची डिफ्युजिव्हिटी नगण्य असते.”

पहिलं वाक्य बरोबर आहे. तांब्याची वाहकता सुमारे ४००, बिडाची ५० च्या आसपास (वॅट प्रति मीटर प्रति अंश). चूक सुरू होते ती ‘त्यामुळे’ या शब्दापासून.

दोन तवे घ्या, दोन्ही २५ सेंटिमीटर व्यासाचे आणि ४ मिलिमीटर जाडीचे. प्रत्येकात जवळपास १९६ घन सेंटिमीटर धातू आहे. एक घन सेंटिमीटर तांबं एक अंशाने तापवायला ३.४५ ज्यूल लागतात, तेवढ्याच बिडाला साधारण ३.३. म्हणजे तांब्याचा अख्खा तवा अंशाला ६७७ ज्यूल मागतो आणि बिडाचा ६५० च्या जवळपास. शेगडीतून तव्यात सेकंदाला १००० ज्यूल जात आहेत असं धरू आणि आजूबाजूला जाणारी उष्णता सोडून देऊ. २५ अंशांवरून २०० पर्यंत जायला तांब्याला ११८ सेकंद लागतील, बिडाला ११३. तांबं किंचित मागेच राहिलं! तेवढ्याच मापाचा अॅल्युमिनियमचा तवा मात्र ८३ सेकंदांत तयार होतो. त्याची वाहकता तांब्याहून कमी आहे, पण त्याच्या एका घन सेंटिमीटरला २.४ ज्यूलच पुरतात.

या हिशेबात वाहकता कुठे आलीच नाही, आणि ती विसरलेलीही नाही. ज्योतीपासून तव्यापर्यंत उष्णता पोचते ती मुख्यतः गरम वायूच्या पातळ थरातून, आणि खरा अडथळा तो थर आहे. बिडाच्या ४ मिलिमीटर जाडीचा अडथळा त्याच्या शेकड्यातला एक भागही नाही. वाट बाहेरच अडलेली असताना आतला रस्ता आठपट रुंद करून काय मिळणार? ‘आमचं तांब्याचं भांडं चटकन तापतं’ हा अनुभव खोटा नाही, पण ती भांडी बहुधा पातळ पत्र्याची असतात. तिथे कमी वजन काम करतं.

आता डिफ्युजिव्हिटी, म्हणजे औष्णिक विसरणता. तिचं सूत्र α = k/(ρc). वर वाहकता आहे, खाली घनता गुणिले विशिष्ट उष्माधारकता. वाहकता सांगते की उष्णता किती वाहते. पण वाटेतला प्रत्येक थर आधी स्वतः तापतो, त्यासाठी त्यातला वाटा ठेवून घेतो आणि उरलेली पुढे सोडतो. हा वाटा जितका मोठा, तितका तापमानातला बदल पुढे सरकायला वेळ लागतो. जुन्या इंग्रजी ग्रंथांत हिला ‘थर्मोमेट्रिक कंडक्टिव्हिटी’ म्हणत, आणि मला ते नाव अधिक बोलकं वाटतं: उष्णतेची नव्हे, तापमानाची वाहकता.

तव्यावर ती दिसते कुठे? पसरण्यात. अंतराचा वर्ग भागिले α केलं की वेळेचा ढोबळ अंदाज येतो. तांब्याचा α सेकंदाला ११६ चौरस मिलिमीटर आहे, बिडाचा १५ च्या आसपास. बदल १० सेंटिमीटर आडवा पसरायला तांब्यात दीडेक मिनिट लागतं, बिडात अकरा मिनिटं. थंड बिडाच्या तव्यावर चिमूटभर कणीक सारखी भुरभुरा आणि गॅस मोठा करा. ज्योतीच्या कड्यावर तपकिरी वर्तुळ उमटतं तेव्हा काठाची कणीक पांढरीच असते. जाड तांब्यावर ती बरीच एकसारखी रंगते. म्हणून बिडाच्या तव्यावर घावन घालायचं तर आधी मंद आचेवर तो निवांत तापू द्यावा लागतो.

हवेबद्दलचं विधान तर साफ उलटं आहे. तिची वाहकता जेमतेम ०.०२६, पण एक घन सेंटिमीटर हवा तापायला ज्यूलचा हजारावा भाग पुरतो. त्यामुळे तिचा α २० हून जास्त भरतो, बिडापेक्षाही वरचा. स्थिर हवेत तापमानाचा बदल झपाट्याने पुढे जातो, फक्त त्याच्यासोबत उष्णता अगदी थोडी जाते.

धातूंतही असा फरक सापडतो. साध्या पोलादाची वाहकता ५० च्या घरात, शिशाची ३५. पण α शिशाचा २४ आणि पोलादाचा १४ च्या जवळपास. दोन्हींच्या सारख्या जाडीच्या लांब सळ्यांवर मेणाने टाचण्या चिकटवून टोकं उकळत्या पाण्यात ठेवली, तर सुरुवातीला मेण शिशावर पुढे वितळत जातं. नंतर सगळं स्थिरावतं, तापून घेण्याचा वाटा संपतो, आणि शेवटी मेण जास्त लांबवर वितळलेलं दिसतं ते पोलादावर.